साठाच्या अलीकडे अर्धा टक्का

बाळांनो, तुमची भूम गावची आत्या माहीत आहे ना, माझी भाची? तिची लेक इंजिनिअर झाली आणि येडशीला माझ्याकडे राहून नोकरीसाठी अर्ज करत होती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं. आत्यानं लगेच तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरली, गावभर पेढे वाटले.

कागदपत्रांची तपासणी सोमवारी होती. शुक्रवारी दुपारी फाईल लावता लावता पोरीनं गुणपत्रिका उलटली.

"आजी, लई घोळ झालाय."

तिच्या विद्यापीठात टक्के नसतात, दहापैकी ग्रेड पॉइंट असतात. तिचे सहा पूर्णांक सात. कंपनीच्या अर्जात मात्र टक्क्यांचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. केंद्रीय बोर्डात शिकलेल्या मैत्रिणीनं सांगितलं, आमच्याकडं पॉइंटला साडेनऊनं गुणतात, तसंच कर. आले त्रेसष्ट पूर्णांक पासष्ट, तेच हिनं भरले. पण गुणपत्रिकेच्या मागं विद्यापीठाची रीत वेगळी छापलेली: पाऊण वजा करून दहानं गुणायचं. तसे येतात साडेएकोणसाठ. आणि कंपनीला साठ हवे होते.

"खोटं लिहिलं म्हणून काढतील. आईला काय सांगू?"

मी म्हणाले, "वर्गात चौथी आलीस ते सांग की. पहिल्या पोरीला तरी कुठं साडेसात मिळालेत?"

"कंपनी नंबर विचारत न्हाय, आजी. कॉलेजं शेकड्यानं. त्यांना एक रेघ पाहिजे, खालचे गाळायला."

खरं होतं. तिकडं परदेशात तुमच्या विद्यापीठानं तुमच्यातल्या थोरल्याचा वर्गातला क्रमांक मागितला होता, कारण कोणतं कॉलेज हात आखडून गुण देतं हे त्यांना इतक्या लांबून कळत नाही. पण कंपनीला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

"फोन कर," मी म्हणाले.

"केला की त्यांच्या ध्यानात येईल."

"नाही केलास तरी कागदाच्या मागं छापलेलंच आहे."

तिनं फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अट साठ टक्के किंवा साडेसहा ग्रेड पॉइंट अशी आहे. तुमचे पॉइंट बसतात. पण भरलेला आकडा चुकीचा आहे. ईमेल करा, वरिष्ठ ठरवतील."

वरिष्ठ ठरवतील! शनिवारी उत्तर नाही. तिनं भाकरीला हात लावला नाही. आत्याचा फोन आला की ती तो माझ्याकडे सरकवायची, आणि मी साड्या कोणत्या घेतल्या, डबा कोणता द्यायचा असलं बोलत राहायची.

रविवारी सकाळी ईमेल आली. ग्रेड पॉइंटवर पात्र, टक्के साडेएकोणसाठ असे दुरुस्त केले आहेत, रूपांतराच्या नियमाची प्रत सोबत आणावी.

तिनं ती तीनदा वाचली. "आईला सांगू?" मी विचारलं.

"नको. सोमवारी त्यांना शिक्का मारू द्या आधी."

संध्याकाळी तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून दिसली तेव्हा तिनं फाईल पुन्हा उघडली होती आणि गुणपत्रिका उलटून बघत होती.