नळाला हात न लावता

माळव्यातल्या राऊ गावच्या एका कॉलेजात मी पाण्याचं इंजिनीअरिंग शिकवते. आमच्या लॅबमध्ये पलंगाएवढा वाळूचा ट्रे आहे. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला बादली. त्यात नागमोडी नदी हवी असेल तर ट्रे जवळजवळ सपाट ठेवायचा, वाळूत मेथी पेरायची आणि मुळं काठ धरेपर्यंत थांबायचं. उरलेली मेथी कोणी घरी न्यायची यावरून स्टाफमध्ये दर वर्षी वाद होतो. वेणीच्या नदीचे, म्हणजे अनेक धारांत फुटणाऱ्या नदीचे, एवढे लाड करावे लागत नाहीत. ट्रे तिरपा करायचा आणि पाण्यासोबत खडी सोडत राहायचं, झालं.

माझा धाकटा भाऊ हिमालयाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावर आहे. गेल्या उन्हाळ्यात मजुरांच्या तंबूंसाठी त्याने एक जागा निवडली आणि मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला. पांढऱ्या गोट्यांचं मैदान, आणि पार पलीकडे पाण्याच्या दोन-चार धारा.

"ताई, जगह देख! वळणाच्या आतल्या बाजूला आहे. नदी बाहेरचा काठ खाते, आत गाळ टाकते. आपल्या गंभीर नदीवर नाही बघितलं? एकदम सेफ."

माळव्यात वाढलेला माणूसच अशी चूक करू शकतो. आमच्या नद्या चिकट काळ्या मातीतून, कमी उतारावरून जातात. काठ लवकर ढासळत नाहीत, म्हणून नदी एका पात्रात राहते आणि वळणं सावकाश सरकवते. तिथे उतार तीव्र, काठ सुट्ट्या खडीचे, आणि डोंगरातून येणारी खडी पाण्याला पेलत नाही. मग पाणी ती मध्येच टाकतं. ढीग बेट होतो, धार दोन्हीकडून फुटते, काठ खाऊन रुंद आणि उथळ होते आणि पुढे पुन्हा ढीग टाकते. एखादी धार स्वतःच्याच खडीने भरून जाते, आणि पाणी शेजारच्या सखल जागेत उतरतं. ते मैदान म्हणजेच नदी होती. आज तिच्यात सगळीकडे पाणी नव्हतं, एवढंच.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. "तू घाबरवू नको यार," म्हणाला.

मग मी हा फोटो आणि त्याने त्याच टेकडीवरून आधीच्या महिन्यांत काढून पाठवलेले फोटो शेजारी शेजारी लावले. डोंगर तेच, विजेचा खांब तोच. पण एकही धार आधीच्या जागी नव्हती. जणू रोज तेच घर उघडावं आणि दारं वेगळ्या भिंतींना असावीत. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो.

रविवारी दुपारी एकटीच लॅबमध्ये गेले. ट्रे तिरपा केला, खडी सोडली, आणि वळणाच्या आतल्या बाजूला, कोरड्या वाळूवर, तंबू म्हणून एक खोडरबर ठेवलं. मोबाइल स्टँडवर लावला. पाणी पलीकडच्या काठाने निमूट वाहत होतं. बराच वेळ काही झालं नाही. नुसती वाळू घसरल्याची बारीक कुरकुर ऐकू येत होती. मग वरच्या बाजूला धारेचं तोंड खडीने बुजलं, आणि पाणी वळलं. ते खोडरबराकडे आलं, त्याच्या खालची वाळू काढून घेतली, आणि खोडरबर कलंडलं. ओळखीच्या खोलीत आपल्या मागे कोणीतरी उभं आहे, असं मला वाटलं. मागे कोणी नव्हतं.

व्हिडिओ भावाला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, "नळ वाढवला ना तू?"

"नळाला हातही लावला नाही," मी लिहिलं.

दोन दिवसांनी, साहेबांची बोलणी खाऊन, त्याने सगळे तंबू वर उंच टेपाडावर हलवले. मजूरही कुरकुरले, कारण पाणी खालून वर वाहून न्यावं लागणार होतं. फक्त स्वयंपाकाच्या चुली खालीच राहिल्या.

एका सकाळी त्याचा फोन आला. ऊन लख्ख होतं म्हणे, पाऊस नाही, ढग नाही. त्याच्या आवाजामागे ठक ठक असं काहीतरी चाललं होतं. पाण्याखाली गोटे एकमेकांवर आपटत होते.

"ताई, चुली गेल्या. पाणी वाढलंच नाही गं, कसम से. फक्त इकडे आलं."

"माणसं?"

"सगळी वर आहेत. मी मोजली."

मी खुर्चीवर बसले आणि रडले. मग तो आवाज खाली करून म्हणाला, "एक और बात. पलीकडची जुनी धार पूर्ण सुकली आहे. छान सपाट जागा झाली आहे, पाणीही जवळ. साहेब म्हणतायत, नदी आता इकडे आली, तर तंबू तिकडे लावून टाकू. लोक सामान बांधतायत."

मी डोळे पुसले. "साहेबांना फोन दे," मी म्हटलं.