सशक्त ताटांची भीती

रोगट पिकाला मी कधी भ्यालो नाही. निरोगी बाजरीला मात्र एकदा भ्यालो.

निवृत्तीनंतर मी केजजवळच्या एका लहान बियाणे कंपनीत बाजरीचा पैदासकार म्हणून काम पाहत होतो. कंपनीचा एकच संकरित वाण चालत असे. त्याचा बाप म्हणजे मी नऊ पिढ्या स्वपरागाने टिकवलेली एक ओळ, म्हणजे एक शुद्ध वंश. फुलोऱ्यापूर्वी प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे त्याचाच पराग त्याला मिळतो. सुरुवातीच्या पिढ्यांत काही रोपे पांढरी उगवत आणि आठवड्यात मरत. पुढे ताटे खुजी झाली, कणसे बोटाएवढी राहिली. हीच ओळ दुसऱ्या तितक्याच दुबळ्या ओळीशी संकरित केली की पुरुषभर उंच पीक येई.

याची कारणे दोन सांगतात. पहिले असे, की प्रत्येक ओळीत काही दोष झाकलेले असतात. आई-बाप दोघांकडून तोच दोष आला तरच तो उघडा पडतो. स्वपरागाने तसे वारंवार घडते. संकरात एकीचा दोष दुसरीचा प्रभावी गुण झाकतो. दुसरे असे, की एकाच जागी दोन भिन्न गुण असणे हेच मुळी बळ; तोच गुण दोन्हीकडून आला, तर तेवढे बळ येत नाही. पहिले खरे असेल, तर दोष निवडून काढता काढता कधीतरी शुद्ध ओळही सशक्त व्हावी. दुसरे खरे असेल, तर ती कधीच होणार नाही. मी आयुष्यभर पहिल्याच्या बाजूने होतो.

त्या पावसाळ्यात पेरणीनंतर पंचविसाव्या दिवशी मी शेतावर गेलो. त्या ओळीत निम्म्याहून अधिक ताटे गुडघ्याच्या वर गेली होती. पाने रुंद, फुटवे भरपूर. क्षणभर वाटले, माझे म्हणणे सिद्ध झाले. मग लक्षात आले, की निवडीने आलेले बळ सावकाश येते, एका पिढीत उडी मारत नाही. मी वाकून ताटांचे बूड पाहिले. माझ्या ओळीचे बूड हिरवे असते. हे जांभळे होते, शेजारच्या ओळीसारखे. जांभळा रंग प्रभावी. एका बाजूने आला तरी दिसतो.

म्हणजे माझ्या ओळीत परका पराग शिरला होता. उगवण कमी भरली म्हणून मी होते नव्हते ते सारे बी पेरले होते; राखीव मूठभरही ठेवले नव्हते. ती चूक माझी होती.

पिशव्या बांधणाऱ्या बाई पलीकडे खुरपत होत्या. बारा वर्षे त्या माझ्या हाताखाली होत्या. त्यांना बोलावले.

“मागच्या हंगामात या ओळीच्या पिशव्या उघडल्या होत्या?”

“उघडल्या की साहेब. आत दाणाच धरंना. केसर ताजं दिसलं, म्हणून शेजारच्याची धूळ झटकली वरून. बघा आता, कसं अंग धरलंय.”

“कावून केलं?” माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

“तुमी रोज तोंड पाडून बसायचे त्याच्यापाशी. लई आजारी लेकरू, म्हणलं जरा बरं वाटंल.”

“पिशवी किती वेळ उघडी होती?”

“तंबाखू मळून खाईस्तोवर.”

तेवढ्या वेळात शेतातल्या दुसऱ्या कोणत्याही ओळीचा पराग आत गेला असेल. म्हणजे हिरव्या बुडाचे ताटही संशयित. मी त्यांना सांगितले, की जांभळे ते उपटा. हिरवे असून उंच वाटेल, तेही उपटा.

“चांगली चांगली उपटू?”

“हो.”

“अन् मरतुकडी ठिवू?”

“तीच आपली आहेत.”

“कंपनीत सांगू नका कुणाला,” त्या म्हणाल्या, “येड्यात काढतील दोघांला.” पण खुरपे खाली ठेवून त्या लगेच उपटायला लागल्या. ही ओळ गेली तर वाण गेला, हे त्यांनाही कळले होते.

दुपारपर्यंत बांधावर हिरवा ढीग साचला. ओळीत सात ताटे उरली.

पुढचा महिना मी रोज त्यांच्यापाशी उभा राहिलो. पाऊस लांबला तेव्हा घागरीने पाणी घातले. फुलोऱ्याआधी प्रत्येक कणसाला बाईंनी पिशवी चढवली आणि दोऱ्याची गाठ मला ओढून पाहायला लावली. दोन ताटे दाणा न धरताच वाळली. काढणीला आम्ही पिशव्या उघडल्या. पहिली रिकामी. दुसरीही. तिसरीत दाणे होते, चौथीत थोडे, पाचवीत बुरशी.

भीती तेवढ्याने गेली नाही. पराग कुणाचा, हे दाण्यावरून समजत नाही. थोडे दाणे मी उन्हाळ्यात ट्रेमध्ये पेरले, शेजारी तुलनेसाठी संकरित वाण. पेरल्यावर मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई ट्रे पाहून माझ्या खोलीच्या दाराशी आल्या.

“साहेब, बूड समद्यांचं हिरवं हाय.”

“आणि वाढ?”

“वाढ न्हाई. शेजारच्याच्या निम्मीबी न्हाईत. एक तर पिवळं पडलंय.”

“म्हणजे आपलीच,” म्हणत मी खुर्चीवर बसलो. त्यांनी मला पाणी आणून दिले.