अकराला या म्हणणारा बाप

आता माझ्या हुशारीचा बोऱ्या कसा वाजला ते सांगतो. चहा निवू देऊ नका.

डिग्री अर्धवट सोडून मी बीदरात एका शिक्षणसंस्थेत क्लार्क झालो. आमचे हेडक्लार्क अण्णा दिवसभर पेपर वाचणार आणि पाच वाजता फाइल काढणार. त्यांना घरी कुणी विचारत न्हाई, मग आम्हालाही जाऊ द्यायचं न्हाई! बायको नर्स, तिची ड्युटी संध्याकाळची. लेक चिऊ आठलाच झोपायची. वर्षभर मी तिचे फक्त मिटलेले डोळे बघितले.

मग डोकं लावलं. सकाळी आल्याबरोबर वहीत दिवसाची कामं लिहायची. अवघड पत्र लोक यायच्या आधी उरकायचं, किरकोळ सह्या-शिक्के दुपारी एकदम. साडेचार ते पाच मोकळं, अचानक आलेल्या कामासाठी. अण्णांनी तरीही फाइल टाकली की वही पुढं करायची: "यातलं कोणतं मागं ठेवू, तुम्हीच सांगा." अण्णा मुकाट पेपरात तोंड घालायचे.

राहिली खिडकीवर नातवंडांचे दाखले मागायला येणारी म्हातारी माणसं. मराठीत न्हाई म्हटलं की ती लगेच आपले मामा-काका होतात. कारण सांगितलं की घासाघीस. म्हणून मी नकार कन्नडात ठेवला, बिनकारणाचा, पण पुढची वेळ देऊन: "इवत्तु आगल्ल. नाळे हन्नोंदक्के बन्नी." आज न्हाई, उद्या अकराला या. मान वर करायची न्हाई. डोळ्याला डोळा भिडला की संपलं.

दोन महिने सहाच्या आत घरी! चिऊ उंबऱ्यात बसलेली असायची.

परवा पाचला खिडकीतून कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला, "अरे, जरा बघ की."

मी शिक्के आवरत होतो. मान खाली. "इवत्तु आगल्ल. नाळे हन्नोंदक्के बन्नी."

घरी आलो तर उंबरा रिकामा. माझे वडील, अप्पा, खाटेवर तोंड फिरवून. चिऊ कोपऱ्यात, ओठ गच्च मिटून, मूठ आवळून.

"तिचा पहिला दात पडला," माझी आई म्हणाली. "तुला आधी दाखवायचा म्हणून अप्पांना ओढत हापिसात घेऊन गेली."

"मग हाक का मारली न्हाई?" मी अप्पांवर उखडलो.

"साहेब कामात होते," अप्पा भिंतीला म्हणाले. स्वतः उभ्या जन्मात माझा एक दात बघितला न्हाई, आणि यांना मान हवा!

मी चिऊपुढं बसलो. "दाखव की गं. मी बघितलं न्हाई गं तुला. शिक्के आवरत होतो, तुझ्याकडंच लवकर यायचं म्हणून..."

एकामागून एक कारणं दिली. ती तिच्या चित्रांच्या वहीतच बघत होती, एका हातानं रंगवत. मान वर न करता म्हणाली,

"आज न्हाई. उद्या अकराला या."

कामून, ते सांगितलं न्हाई. घासाघीसही चालली न्हाई. सहापासून आठपर्यंत, दोन महिने जिवापाड राखलेली माझी संध्याकाळ, मी त्या मिटलेल्या मुठीसमोर बसून काढली. आठला ती झोपली, तरी मूठ सुटली न्हाई.

मी वही काढली आणि उद्याच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं: अकरा वाजता, चिऊबाईंकडं हजर. मान वर करून.