बावन्नातून अठ्ठेचाळीस जात नाहीत

शिक्षक होण्याच्या कोर्सला मी सुरतेत होते, कारण वडिलांची बँक त्यांना नाशिकहून उचलून तिकडे घेऊन गेली होती. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. माझं गुजराती नवं होतं आणि तोंड जुनंच, म्हणजे वेळीअवेळी उघडणारं. आम्हाला शिकवणारे सर सुरती. एकदा त्यांनी सगळ्यांना एकेक कठीण जाणारं मूल शोधायला सांगितलं आणि म्हणाले, ‘‘पहेलां ए जुओ के एने शुं आवडे छे.’’ मी निमूटपणे लिहून आणलं : चिंचा, ठिक्कर, रेडिओ. वर्ग हसून लोळला. गुजरातीत ‘आवडणं’ म्हणजे येणं, जमणं, हे मला त्या दिवशी कळलं.

मला मिळालेलं मूल म्हणजे सुरतेतल्याच लिंबायत वस्तीच्या मराठी शाळेतली चौथीची एक मुलगी. अंगाने वर्गात सगळ्यांत मोठी, कारण तिचं चौथीचं हे दुसरं वर्ष. वडील खानदेशातून येऊन पावरलूमवर लागलेले, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. वर्गाचे गुरुजी मनाने वाईट नव्हते, पण जिभेने फटकळ. त्यांनी तिच्यासमोरच मला सांगितलं, ‘‘हिला तीसपर्यंत पाढे पाठ आहेत, आणि भागाकार शून्य. पोपट आहे पोपट. यंदा वार्षिकला भागाकार नाही आला तर बाप हिला शाळेतून काढून गावी आजीकडे धाडणार आहे. मीही त्याला अडवणार नाही.’’ मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मला त्या माणसाचा असा राग आला, की मुलीपेक्षा त्याला खोटं पाडण्यासाठीच मी हे काम घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या सरांनी नेमून दिलेलं काम कागदावर सोपं दिसत होतं. एक कौशल्य घ्यायचं आणि ते सुटं करायचं. मी भागाकार घेतला आणि एकाखाली एक लिहून नेलं : भाग लावा, गुणा, वजा करा, बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना ते बघा, पुढचा अंक खाली घ्या, पुन्हा भाग लावा. सरांनी कागद परत सरकवला. ते म्हणाले, ही झाली कृती. कणीक मळा, पुरण भरा, लाटा, भाजा. मी विचारतोय ते वेगळं. पुरणपोळी शिकायला बसण्याआधी त्या बाईला काय येत असायला हवं? साधी पोळी लाटता येते का? नसेल येत तर तिला पुरण देऊन काय उपयोग?

मग कळलं, की प्रश्न वरून खाली विचारत जायचा. सर्वांत वर भागाकार. तो शिकायला आधी काय यायला हवं? पाढे, हातच्याची वजाबाकी, दोन संख्यांतली लहान कुठली ते ओळखणं, आणि वाटून देणं म्हणजे काय याची समज. त्यांतल्या वजाबाकीसाठी आणखी खाली काय हवं? एक दशक म्हणजे दहा एकक हे कळणं. पाढे आणि वजाबाकी एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून ती शेजारी शेजारी. दशकाची समज मात्र वजाबाकीच्या खाली. अशी उतरंड मी ड्रॉइंगच्या कागदावर काढली. आता मुलीला तळापासून एकेक चौकट तपासायची आणि जिथे ती अडेल तिथून शिकवायचं. मला हे फारच आवडलं, मराठी अर्थानेही. अडाणी, ढ, डोकं नाही, असल्या शब्दांची गरजच उरत नव्हती. कुठली तरी एक चौकट रिकामी असणार आणि ती सापडली की काम फत्ते.

ती सापडेना. दशक-एकक बरोबर. पाढे मी उलटसुलट विचारले, ती मध्येच कुठूनही सांगायची. ते तिला वडिलांनी शिकवले होते. हातच्याच्या वजाबाकीची गणितं घातली तर वरचा अंक काटून, बाजूला लहानसा अंक लिहून, सगळी चोख. बावन्न चिंचोके दिले आणि आठ जणींत वाटायला सांगितले, तर सहा-सहा वाटून चार माझ्या हातावर ठेवले. सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण झाली आणि सर्वांत वरची, भागाकाराची, कोरी. ‘‘५२८ भागिले ८’’ असं लिहून दिलं तर उत्तर ५१६. गुरुजींनी डोकावून पाहिलं. ‘‘वा! आठ जणांत वाटूनसुद्धा बाराच कमी झाले! अशी वाटणी करणारी सून मिळाली तर घर कधी बुडायचं नाही.’’ मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला.

घरी मी तिची सगळी गणितं पसरून बसले. गंमत अशी, की सगळीच चुकलेली नव्हती. ५९ भागिले ८ बरोबर. ५७ भागिले ८ बरोबर. ५२ भागिले ८ मात्र भागाकार पाच, बाकी बारा. ४५ भागिले ६ बरोबर, ४१ भागिले ६ मात्र भागाकार पाच, बाकी अकरा. जिथे चुकायची तिथे बाकी भाजकापेक्षा मोठी. आई म्हणाली, ‘‘मूल आहे, कधी येतं कधी नाही.’’ पण कधी येतं आणि कधी नाही यालाही काहीतरी कारण असणारच ना? मला जेवण सुचेना. कोड्याचं उत्तर जिभेवर यावं आणि शब्द सापडू नये, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, ‘‘आठ सक?’’

‘‘अठ्ठेचाळीस.’’

‘‘बावन्नपेक्षा लहान की मोठे?’’

‘‘लहान.’’

‘‘मग सहाचा भाग का नाही लावलास?’’

‘‘जात नाही, बाई.’’

झालं, मला वाटलं, सापडलं. ‘भाग जाणं’ म्हणजे काय हेच हिला कळलेलं नाही. मी पुन्हा चिंचोके काढले, पुन्हा वाटायला लावले, भाग जातो म्हणजे काय ते घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ती ऐकत होती, मान डोलवत होती आणि पुन्हा पाच लिहीत होती. ‘‘जात नाही, बाई.’’ शाळेच्या भिंतीला लागूनच मागांच्या कारखान्याचं छप्पर होतं, त्याची खटाखट दिवसभर चालायची. तिथे शिकवणं म्हणजे ओरडणं. मी ओरडून ओरडून तिला एकच गोष्ट सांगत होते आणि ती तितक्याच शांतपणे मला एकच उत्तर देत होती.

तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले. एकदम इतकी शांतता झाली, की वर्गातली मुलंही दचकली. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं, की ही मुलगी लिहिताना पुटपुटते. शाळेत माझ्याशी ती शुद्ध बोलायची; हे पुटपुटणं मात्र घरच्या अहिराणीत होतं.

‘‘बारामाईन आठ गयात, चार ऱ्हायनात. हातना एक. चारमा एक, पाच. चारमाईन पाच नही जात.’’ आणि तिने सहा खोडून पाच लिहिला.

मी तिचा हात धरला. ‘‘काय म्हणालीस? पुन्हा म्हण. मोठ्याने.’’ ती घाबरली. मी म्हटलं, ‘‘रागावत नाही गं, पुन्हा म्हण फक्त.’’

तिने पुन्हा म्हटलं आणि बोट ठेवून दाखवलं. बावन्नातून अठ्ठेचाळीस. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून तिने शाळेत शिकवल्याप्रमाणे वरच्या पाचातला एक दशक घेतला, पाच काटले, चार राहिले. बारातून आठ गेले, चार. इथपर्यंत ठीक. पण मग वडिलांच्या रीतीप्रमाणे तो ‘हातचा एक’ तिने खालच्या चारात मिळवला. झाले पाच. जुन्या लोकांची रीत अशीच असते : वरच्याला हात लावायचा नाही, खालच्यात एक वाढवायचा. पाचातून पाच गेले, शून्य. उत्तर बरोबर येतं. शाळेची रीत वरून एक कमी करते, खालच्याला हात लावत नाही. चारातून चार गेले, शून्य, तेही बरोबर. ही मुलगी हाताने शाळेची रीत करत होती आणि तोंडाने वडिलांची. वर चार, खाली पाच. खरंच जात नव्हते!

आणि मी ‘जात नाही’ म्हणजे भाग जात नाही असं ऐकत होते. ती बिचारी वजाबाकीबद्दल बोलत होती. वजाबाकी जमत नाही म्हणजे भागच मोठा लागला असणार, असा तिने हिशोब केला आणि एक पायरी खाली उतरली. बावन्नातून चाळीस, हातचा लागत नाही, सुटली. बाकी मोठी राहते हे तिलाही दिसत होतं, पण दुसरा मार्गच नव्हता. ५९ मधून ५६ जाताना हातचा लागत नाही, म्हणून ते गणित बरोबर यायचं. ५१६ सुद्धा तसंच : पाचाचा भाग, बाकी बारा, त्यावर आठ खाली घेतला की एकशे अठ्ठावीस, त्यात आठाचा सोळा वेळा भाग. सगळी गणितं एका झटक्यात जागेवर बसली.

‘‘साधी वजाबाकी करताना असं का नाही म्हणत?’’ मी विचारलं.

‘‘ती शाळेत शिकवली. भागाकार बापूंनी शिकवला. ते तो असाच बोलत बोलत करतात.’’ बापू म्हणजे तिचे वडील.

हे सगळं ऐकून आमचे सर म्हणाले, चौकट तुम्ही बरोबर काढलीत, पण ती वेगळी काढून तपासलीत; भागाकाराच्या आत जाऊन नाही तपासलीत. मग गालात हसून म्हणाले, आता तिला दोन्हींपैकी एकच ठेवू द्या.

शनिवारी शाळा सुटताना तिचे वडील भेटायला आले. पाळी संपवून थेट आलेले, केसांत सुताचे तंतू. मी त्यांना कागदावर दाखवलं. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून पाहिलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे मनी रीत खोटी शे का, बाई?’’

‘‘नाही हो. तुमची बरोबर, शाळेचीही बरोबर. दोन्ही एकत्र केल्या की चूक.’’

‘‘मंग आंडेरनी कोनती करानी?’’

आंडेर म्हणजे लेक. मी मुलीकडे पाहिलं. तिने वडिलांकडे पाहिलं, शेजारी उभ्या गुरुजींकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘बापूंची. वरचं काटायचं नाही.’’ गुरुजी तोंड उघडणार होते, पण मी गळ घातली तेव्हा उत्तर बरोबर आलं तर रीतीचे गुण कापणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

नुसतं समजून भागलं नाही. पेन्सिल सवयीने वरच्या पाचावर जायची आणि ती स्वतःच दुसऱ्या हाताने ती पकडायची. वार्षिक परीक्षेपर्यंत ते थांबलं. पेपर तपासून झाल्यावर गुरुजींनी तो माझ्या हातात दिला. सगळे भागाकार बरोबर होते. बापाने गावचा विषय पुन्हा काढला नाही आणि पाचवीत तिचं नाव लागलं.

निकालाच्या दिवशी ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, पेढा देईल. ती म्हणाली, ‘‘बाई, मागच्या वर्षी पण मी असंच करत होते. हाताने शाळेचं आणि तोंडाने बापूंचं.’’

‘‘हो, असणार.’’

‘‘म्हणजे मागच्या वर्षी पण मी ढ नव्हते?’’

माझ्या शेजारी गुरुजी उभे होते आणि त्यांनीही ऐकलं होतं.

‘‘नव्हतीस,’’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग गुरुजींकडे वळून, अजिबात न रागावता, नुसतं विचारावं तसं विचारलं, ‘‘मग मला पुन्हा चौथीत का बसवलं होतं?’’