मामेकुळाची ओळ

"सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष," निरुपमाताईंनी मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, आजवर एक तरी भांडखोर मुलगी आली का हो माझ्या टेबलावर?"

झोपाळ्यावर दत्तात्रेयराव छापं वाचत होते. वर्तमानपत्र खाली न करताच ते म्हणाले, "भांडखोर मुली आपलं आपण जमवतात. त्यांना बायोडेटा लागत नाही."

"मग या तिन्ही शब्दांचं इंग्रजीत काय करू?"

"परवा काय केलं होतंस?"

"गाळले होते."

"मग आजही गाळ."

बडोद्यातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या त्या पहिल्या मजल्यावर हे संभाषण इतक्यांदा झालं होतं, की दोघांनाही त्यात गंमत उरली नव्हती. निरुपमाताईंनी सगळी नोकरी मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर एका सहकारी बाईंनी भाचीचा बायोडेटा आणला, 'मुलगा शिकागोत असतो, जरा इंग्रजीत करून द्या' म्हणाल्या. ते लग्न जमलं. तेव्हापासून जिन्याखाली अनोळखी चपला दिसू लागल्या. देशाची दारं उघडली असं छाप्यात येत होतं. निरुपमाताईंना ती चपलांवरून कळली. पोळातल्या गुजराती बायका खालूनच ओरडायच्या, "निरुबेन, तुमच्याकडे पाहुणे!" आणि निरुपमाताईंच्या मानेत आधीच कळ यायची.

कागद नेहमी दोन जात. मराठी मुलाच्या आईवडिलांसाठी, इंग्रजी मुलासाठी. तिकडे वाढलेल्या मुलाला गोत्र, नाडी, देवक यांतलं काही कळत नाही; त्याला मुलगी काय शिकली, पुढे शिकेल का, एवढंच बघायचं असतं. पण त्याची आई दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवते आणि ओळीवर बोट ठेवून ताडून पाहते. म्हणून निरुपमाताईंची एक सवय होती. टाइप करायच्या आधी इंग्रजी मजकूर त्या समोरच्या कुटुंबाला परत मराठीत सांगायच्या. सगळ्यांच्या देखत.

शहाण्णव सालच्या एका रविवारी तरसालीहून जगताप मंडळी आली, तेव्हाही हेच करायचं होतं.

पुढे बळवंतराव, घरातले थोरले. आवाज जिन्यातूनच वर आलेला. मागे त्यांचे धाकटे भाऊ सुभानराव, मुलीचे वडील. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीचा फोटो आणि कागद. सगळ्यांत शेवटी सुभानरावांच्या पत्नी रमाबाई. त्या दाराजवळच्या स्टुलावरच टेकल्या.

"ताई, न्यू जर्सीचं स्थळ आहे," बळवंतराव म्हणाले. "मुलगा दिवाळीत येणार. चार मुली बघणार. आमच्या ऋचाचा फोटो पसंत पडलाय. आता कागद असा करा, की बाकीच्या तीन बघायला तो गाडीतून उतरणारच नाही."

"कागद बघू," निरुपमाताई म्हणाल्या.

मराठी कागद बळवंतरावांच्या हातचा होता. पहिल्याच ओळीत 'राजघराण्याशी निकटचा संबंध'.

"हा संबंध कसला?"

"आमचे आजोबा संस्थानच्या खजिन्यात होते."

"काय म्हणून?"

बळवंतराव खाकरले. "कारकून. पण हेड!"

"मग तसंच लिहिते. जुन्या बडोदे संस्थानच्या खजिन्यात हेड क्लार्क. तिकडच्या लोकांना राजघराणं म्हटलं की हत्ती आठवतो. मग हत्ती कुठाय म्हणून विचारतात."

झोपाळ्यावरून हसू आलं. रमाबाईंच्या ओठाचा कोपराही हलला.

"शिक्षण. बी.एस्सी., एम.एस. युनिव्हर्सिटी. हे मी पूर्ण लिहिणार, महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी. नाहीतर तिकडे बी.एस्सी., एम.एस. अशा दोन डिग्र्या वाचतात."

"वाचू दे की!" बळवंतराव खुलले. "आपण कुठे सांगितलं? त्यांचं त्यांनी वाचलं!"

"आणि मुलगी तिकडे गेल्यावर एम.एस.चं सर्टिफिकेट मागितलं की?"

सुभानराव पहिल्यांदा बोलले. आवाज खालचा. "ताई, तिचं एक वर्ष गेलंय. दुसऱ्या वर्षाला. टायफॉइड झाला होता."

"फक्त शेवटच्या डिग्रीचं साल टाकू. गेलेलं वर्ष आपण पुढे करायचं नाही. पण विचारलं तर सांगायचं. पुढच्या ॲडमिशनला मार्कशीट लागतेच, तेव्हा दिसणारच आहे. गप्प बसणं वेगळं, खोटं लिहिणं वेगळं, एवढंच मी पाहते."

हे वाक्यही त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की ते शाळेच्या घंटेसारखं आपोआप वाजायचं.

"जन्मवेळ रिकामी आहे."

"नक्की माहीत नाही," सुभानराव म्हणाले. "ऋचा हिच्या माहेरी झाली, सावली गावाला. घड्याळ कुणी पाहिलंच नाही."

"बरं. वडिलांची नोकरी लिहिली. आई, गृहिणी. आता मामेकूळ," निरुपमाताईंनी कागद जवळ धरला. "धुमाळ, सातारा." आणि सवयीप्रमाणे परत सांगितलं, "म्हणजे मी लिहिते, मुलीच्या आईचं माहेर साताऱ्याचे धुमाळ."

झोपाळा करकरला आणि थांबला. रमाबाई म्हणाल्या, "कोणाचं माहेर?"

"ते आमच्या आईचं माहेर," बळवंतराव घाईनं म्हणाले. "ताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं. रमा पटेलांची. रमीला. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या सुभाननं हे... असो. सोन्यासारखी बाई आहे, शप्पथ. पण मुलाकडची माणसं कोल्हापूरकडची आहेत. मामेकुळात पटेल वाचलं की तिथेच कागद घडी घालून ठेवतील."

"ठेवतील कदाचित," निरुपमाताई म्हणाल्या. "मी नाही म्हणत नाही. पण न्यू जर्सीत दर दुसरं दुकान पटेलांचं. त्यांतलं कुणीतरी सावलीचं निघायला किती वेळ लागतो?"

"तेव्हाचं तेव्हा. तोवर साखरपुडा झालेला असेल."

"मी धुमाळ लिहिणार नाही."

"मग ओळच गाळा! ते सुस्वभावी गाळता ना, तसं."

निरुपमाताईंनी कपाळ चोळलं. खरं तर त्या गाळणारच होत्या. गाळणं हाच तर त्यांचा धंदा होता. कुणाचा पिणारा भाऊ, कुणाची मोडलेली सोयरीक, सगळं त्यांनी पांढऱ्या जागेत बसवलं होतं. पण इथे ते बसेना. "इंग्रजीत गाळता येईल. मराठी कागदात ती जागा मोकळी दिसली, तर मुलाची आई पहिला प्रश्न तोच विचारेल."

"मग काय करायचं, तुम्हीच सांगा!"

"दादा," रमाबाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या, पण खोलीत आता त्यांचाच आवाज होता. "एक सांगा. लग्न जमलं. मांडव पडला. गुरुजींनी हाक मारली, मामा, मुलीला आणा. ऋचाचा हात धरून मांडवात कोण आणणार? साताऱ्याचे धुमाळ?"

बळवंतरावांनी टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला.

"म्हाताऱ्यांतला एक तरी जिवंत आहे का त्यांच्यात? की भाड्यानं आणणार? मामा तो साचो जोईए ने, दादा! मामा तरी खरा हवा ना!"

"रमा, हळू," सुभानराव पुटपुटले.

"हळूच बोलतेय. पंचवीस वर्षं हळूच बोलतेय. ऋचा पोटात होती तेव्हा माझा गुणवंतभाई न बोलावता आला. बापाशी भांडून मला बाळंतपणाला घेऊन गेला. या मुलीसाठी त्यानं पानेतर आणून ठेवलंय. पानेतर कळतं ना ताई? पांढरी-लाल साडी, लग्नात मामाच देतो ती. दिवाळीला दाखवलं मला. त्याला काय सांगू मी? भाई, तू पाहुण्यात बस, कागदावर दुसरा मामा आहे?"

खाली पोळात कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"जमणारं मोडेल, रमा," बळवंतराव म्हणाले. आवाजातला तोरा गेला होता, नुसता थकवा राहिला होता. "मुलगी माझीही आहे. तिला काय सांगशील?"

"तिनंच सांगितलंय. मामा नसेल तर मी मांडवात येणार नाही म्हणाली. तुम्ही विचारलं नाहीत."

निरुपमाताईंनी सुभानरावांकडे पाहिलं. ते पिशवीची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते.

मग ताईंनी मशीनमध्ये कागद सरकवला. टाइप केलं आणि नेहमीसारखं परत सांगितलं, "मुलीचे मामा गुणवंतभाई पटेल, सावलीचे शेतकरी. घरात मराठी आणि गुजराती दोन्ही बोलतात, आणि ऋचाला दोन्ही लिहिता-वाचता येतात."

"शेतकरीच लिहायचं?" बळवंतराव कळवळले. "निदान बागायतदार?"

"कापूस नि तुवर पिकवतो," रमाबाई म्हणाल्या. "शेतकरीच लिहा. त्याला लाज नाही, तुम्हाला कशाला?"

मराठी कागदावरची ती ओळ बळवंतरावांनीच खोडून नवी लिहिली. अक्षर पहिल्यापेक्षा बारीक आलं. चहा कुणीच संपवला नाही.

उत्तर यायला पावसाळा उलटला. सुभानराव एकटेच जिना चढून आले आणि म्हणाले, "पत्रिका जुळत नाही असं कळवलंय."

"कुठली पत्रिका?" निरुपमाताईंनी विचारलं. "आपण वेळच कळवली नव्हती."

"हो ना."

हसावं असं होतं, पण दोघांच्याही अंगात तेवढा जोर नव्हता. दत्तात्रेयरावांनी झोपाळा पायानं थांबवला. "सभ्य माणसं आहेत. खोटं बोलायला त्यांनाही पत्रिका लागते."

सुभानरावांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. "टोरोंटोचं एक स्थळ आहे. दादा म्हणतात, आता तरी ती ओळ काढा. ऑफिसातले लोकही तेच म्हणतात."

"आणि रमाबाई?"

"ती काही म्हणत नाही. सकाळी नुसती म्हणाली, जा, काय सांगायचं ते सांगून या."

निरुपमाताई थांबल्या. मागच्या वेळी नुसत्या नजरेनं विचारलेला, उत्तर न आलेला प्रश्न पुन्हा समोर बसला होता, आणि तो विचारायचा त्यांना कंटाळा आला होता. तरी विचारला. "तुम्ही काय सांगता?"

सुभानरावांनी पिशवीची घडी घातली. यावेळी उलगडली नाही, खिशात ठेवली.

"स्थळाचा पत्ता बदला," ते म्हणाले. "बाकी तसंच."

"मराठी कागदही लागेल. तो कोण लिहिणार? बळवंतराव?"

"नाही. मी. पेन आहे का ताई?"

निरुपमाताईंनी पेन दिलं आणि टेबलाची एक बाजू मोकळी केली. त्या इंग्रजी टाइप करू लागल्या, शेजारी सुभानराव मराठी लिहू लागले. मान दुखत होती. अजून दोन कागद आज संपवायचे होते, दोन्हीकडच्या मुली सुस्वभावी होत्या. मामेकुळाच्या ओळीशी आल्यावर सुभानराव अडले.

"ताई, गुणवंतभाईंच्या आधी श्री. लिहू ना?"

"लिहा की," त्या मशीनवरून नजर न उचलता म्हणाल्या. "सगळ्यांच्या मामांना लिहितात."