मॉन्स्टेराचं फिटिंग

माझा मामा शिंपी आहे आणि लोंबणारा दोरा त्याला सहन होत नाही. समोरच्याच्या बाहीला दोरा दिसला की बोलणं अर्धवट टाकून तो आधी दोरा तोडतो. एकदा बँकेच्या मॅनेजरचा असाच तोडला, तर दोऱ्याबरोबर बटणही हातात आलं.

अशा माणसाच्या ताब्यात मॉन्स्टेराचं झाड देणं म्हणजे कमालच. पण ताईने, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीने, नोकरीसाठी परगावी जाताना ते दिलं. "माझं घर झालं की घेऊन जाईन बाबा, तोवर सांभाळा," म्हणाली. पानं तेव्हा परातीएवढी होती, कडेपासून आतपर्यंत चिरलेली, मधे भोकं असलेली. मामा म्हणाला, "पोरीला सांभाळलं, झाडाचं काय घेऊन बसलीस!"

झाड त्याने ट्रायल रूमशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं, गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. तिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो. झाड वाढलं, पण आडवं. खोड लांबत लांबत इस्त्रीच्या टेबलाखाली शिरलं. मग मामाने पडद्याची गुळगुळीत दांडी कुंडीत खोवली आणि एकेका पानाचा देठ ओढून तिला करकचून बांधला. खोड जमिनीवर लोळतच राहिलं. खोडातून दोरीसारखी तपकिरी मुळं लोंबू लागली. मुळं कसली, मामाच्या लेखी ते दोरेच! रोज सकाळी दुकान उघडलं की त्याची कात्री आधी त्यांच्यावर चालायची.

नवी पानं यायची ती तळहाताएवढी, अखंड, एकही चीर नसलेली. मामाचा जीव खालीवर होऊ लागला. आणि एका गुरुवारी ताईचा फोन आला. घर मिळालं होतं. रविवारी ती झाड न्यायला येणार होती.

"ती म्हणेल, बापाला एक झाड धड सांभाळता आलं नाही," मामा म्हणाला. तो खरोखर घाबरला होता. मी त्याला असं घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी मी दुकानात गेले तर मामा टेलरिंगचा खडू घेऊन झाडासमोर बसला होता. नव्या पानांवर त्याने आखणी केली, मग कात्रीने चिरा पाडल्या, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. मधल्या शिरेजवळ काजं केली. मामी म्हणाली, "बटणंही लावा आता."

कापलेल्या कडा रात्रीत तपकिरी पडल्या. ताई आली, खाली वाकली, एका पानावरून बोट फिरवलं. खडू अजून पुसला गेला नव्हता. मामा मापाची टेप गळ्यात घालून फाशीची शिक्षा ऐकायला उभा राहावा तसा उभा होता. ताई जी हसत सुटली ती डोळे पुसत स्टुलावरच बसली.

"बाबा, हे झाड म्हणजे वेल आहे हो. दुसऱ्या झाडांवर चढणारा. चढायला मिळालं आणि उजेड मिळाला तरच मोठी, चिरलेली पानं येतात. तुम्ही ते अंधारात लोळवलंत. आणि ज्या मुळांनी ते आधाराला धरतं, तीच कापत बसलात!"

"मला वाटलं दोरे..." मामा पुटपुटला.

"आता हे असं नेता येणार नाही. खिडकीशी इथेच जरा उभं राहू दे."

मामाचा चेहरा उजळला आणि लगेच त्याने तो पाडला. पण आम्ही पाहिला तो पाहिलाच.

दोघांनी कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ नेली. जाड खांबाला काथ्या गुंडाळून ताईने तो मुळं फुटतात त्या बाजूने रोवला आणि काथ्या भिजवला. मामाने कातरणाच्या पट्ट्यांनी फक्त खोड बांधलं, सैलसर, आत बोट जाईल इतकं. देठ मोकळे सोडले. उरलेलं एक लांब मूळ ताईने कुंडीतल्या मातीत वळवलं. "कापलेली पानं आता तशीच राहणार," ती म्हणाली. "नव्यांची वाट बघा. एकदम येणार नाहीत. मी दर महिन्याला येऊन बघेन."

आणि ती येऊ लागली. एक रविवार झाडाचा, मामीच्या हातच्या जेवणाचा आणि बापलेकीच्या भांडणाचा. मुळं काथ्यात शिरली. पुढचं पान थोडं मोठं आलं, त्याच्या पुढच्याला एक चीर आली. हिवाळ्यात झाड थांबलं, मग पुन्हा सरसावलं. शेवटी एक पान उलगडलं ते परातीएवढं, दोन्हीकडे चिरलेलं, शिरेजवळ भोकं पडलेलं, आणि सगळं आपोआप.

मी म्हटलं, "मामा, ताईला फोन कर!"

"कशाला?" तो शर्टाची कॉलर उलटसुलट करत म्हणाला. "अजून कच्चं आहे ते."

रविवारी ताई आली. पान खिडकीभर पसरलं होतं, लपवणार कुठे? मामा मशीनवर वाकून उगाचच पाय मारत राहिला. मशीनमध्ये कापडच नव्हतं. ताईने पान पाहिलं, मग बराच वेळ बापाच्या पाठीकडे पाहिलं.

"अजून बारीकच येतायत हो पानं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू."

"तेच म्हणतोय मी," मामा मशीनकडे बघत म्हणाला.