फ्री हिटवरचा वाईड

अंपायरच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झाले. नवऱ्याने फक्त विचारलं, "पुन्हा बसायचं का?" मी म्हटलं, "बसायचं."

मी अकोल्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लहानपणी भावांबरोबर गल्लीत खेळले, पुढे शाळेच्या मुलींची टीम नेता नेता मैदानाच्या कडेला स्कोअर लिहायला लागले. लिहिताना मला सारखं वाटायचं की ही वही मी दुसऱ्याच्या हाताकडे बघून भरते आहे. हात वर करणारा माणूस आत उभा असतो. मला आत उभं राहायचं होतं.

मला शिकवलं ते चाचांनी. चाचा म्हणजे आमच्या बाजारातले टेलर, तीसेक वर्षं वऱ्हाडभर मॅचेसना उभे राहिलेले. अकोट, मूर्तिजापूर, अमरावती, कुठलंही मैदान असो, त्यांचं बोट वर गेलं की गेलं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात जायची. मशीन थांबवून ते कटिंगच्या टेबलावर सहा चिंचोके मांडायचे.

"हे सहा म्हणजे तुही ओव्हर. नीट बॉल पडला का एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. वाईड पडला?"

"समोरच्या टीमले एक रन."

"अन चिंचोका?"

"जागचा हालत नाही."

"नो बॉल?"

"तसंच. एक रन, बॉल पुन्हा टाकायचा. अन पुढचा बॉल फ्री हिट."

फ्री हिटवर आले की चाचा जरा नाखूश व्हायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात ही भानगड नव्हती. "बॉलरचा पाय रेघेच्या पुढे गेला त्याची सजा नो बॉलची झालीच ना," ते म्हणायचे, "मंग पुढच्या बॉललेही बॅटरले माफी काहून?" पण नियम तो नियम, म्हणून शिकवायचे. फ्री हिटवर बोल्ड नाही, कॅच नाही, एलबीडब्ल्यू नाही. रनआउट मात्र होतो.

मी नापास झाले त्या पेपरात एक प्रश्न होता. फ्री हिटचा चेंडू वाईड पडला, बॅटर क्रीजबाहेर होता, कीपरने चेंडू घेऊन बेल्स उडवल्या, तर काय? मी लिहिलं, आउट. कारण वाईडवर स्टंपिंग होतं हे मला पक्कं माहीत होतं. उत्तर चुकलं होतं. नियमांचं पुस्तक आणून ती ओळ मी माझ्या हाताने वहीत उतरवली. फ्री हिटवर बॅटर फक्त नो बॉलवर होतो तेवढ्याच प्रकारे बाद होतो, मग तो चेंडू वाईड ठरला तरी. आणि फ्री हिट तिथे संपतही नाही, पुढच्या चेंडूवर जाते. रोज सकाळी शाळेच्या तयारीच्या आधी अर्धा तास मी अशा ओळी उतरवत होते. दुसऱ्या खेपेला पास झाले.

तरी वर्षभर मला लहान मुलांच्या आणि मुलींच्याच मॅचेस मिळाल्या. पुरुषांची पहिली मॅच मिळाली ती अमरावतीत, वीस-वीस षटकांची, एका स्पर्धेतली सेमीफायनल. चाचांच्या जोडीचे अंपायर आजारी पडले, आणि चाचांनी आयोजकांना सांगितलं, "मी येतो, पण माह्यासंगं ते मॅडम उभ्या राहतीन." आयोजकांनी मला फोन करून दोनदा विचारलं, "जमेल ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

मंडप, लाउडस्पीकर, दोन्ही बाजूंनी गर्दी. पहिल्या दहा षटकांत मी तीन वाईड दिले तर मंडपाकडून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, शाळा नोहे हे!" मी त्या बाजूला पाहिलं नाही. लेग स्टंपबाहेरचा चेंडू वाईड, तो कुणाला आवडो न आवडो.

शेवटचं षटक माझ्या टोकाकडून आलं. जिंकायला बारा धावा हव्या होत्या आणि नऊ गडी बाद झाले होते. म्हणजे आणखी एक विकेट पडली की खेळ संपला. बॉलर म्हणजे स्थानिक टीमचा कॅप्टनच, डावखुरा फिरकीवाला. पहिल्या चेंडूवर अकरा नंबरच्या खेळाडूने एक धाव काढली आणि चांगला बॅटर समोर आला. दुसरा चेंडू कोरा. तिसरा चौकार. तीन चिंचोके माझ्या उजव्या खिशात गेले होते, डाव्यात तीन उरले होते आणि हव्या होत्या सात धावा.

पुढच्या चेंडूला कॅप्टनने जोर लावला. मी रेघेकडेच पाहत होते. त्याच्या पुढच्या पायाची टाच रेघेपलीकडे पडली, मागे काहीच राहिलं नाही. "नो बॉल!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. बॅटरने मारला, दोघे दोन धावा पळाले. दोन आणि नो बॉलची एक, तीन. उरल्या चार. चिंचोके तीनच्या तीन.

मी हात डोक्यावर नेऊन गोल फिरवला. फ्री हिट. कॅप्टन लगेच मिडविकेटच्या मुलाला सीमारेषेवर पाठवू लागला.

"फील्ड बदलता येणार नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"समोर बॅटर तोच आहे. पोरं होती तिथंच राहतील."

तो पुटपुटला, पण मुलगा परत आला.

फ्री हिटवर बॅटर दोन पावलं पुढे निघून गेला. कॅप्टनने ते पाहिलं आणि चेंडू लेगच्या बाहेर ढकलला. बॅट लागली नाही, पॅड लागलं नाही. मी दोन्ही हात पसरले, वाईड, म्हणजे उरल्या तीन. तेवढ्यात कीपरने चेंडू घेऊन बेल्स उडवल्या आणि अकराच्या अकरा जण स्क्वेअर लेगकडे वळून ओरडले.

स्क्वेअर लेगला चाचा होते. स्टंपिंगचा निर्णय त्यांचा. बॅटर बाहेर होता हे त्यांनी स्वच्छ पाहिलं होतं. आणि त्यांचं बोट वर गेलं.

मैदानात लोक घुसले. लाउडस्पीकरवाला ओरडला, "अन मॅच खतम!" कुणी फटाक्यांची माळ लावली. बॅटर मान खाली घालून मंडपाकडे चालू लागला.

इतक्या लोकांसमोर मी कोणाला चुकीचं म्हणणार होते? ज्यांनी मला इथे आणलं त्यांना. पण वहीतली ती ओळ मला दिसत होती, माझ्याच अक्षरातली. मी धावत त्या बॅटरपर्यंत गेले, त्याच्या वाटेत हात आडवा धरला. "थांब. मैदान सोडू नको." मग चाचांकडे गेले.

कॅप्टन आधीच तिथे पोचला होता. "मॅडम, वाईडवर स्टंपिंग आउट असते. पोट्टेही सांगतीन!"

"असते," मी म्हटलं. "तुम्ही जरा मागे व्हा, आम्हा दोघांना बोलू द्या."

तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, "मागे व्हा." तेव्हा तो चार पावलं सरकला.

मी आवाज खाली आणला. "चाचा, फ्री हिट होती."

"मले मालूम आहे. पण वाईड होता ना बेटा. वाईडवर स्टंपिंग..."

"साध्या वाईडवर. फ्री हिटचा वाईड असला तरी नो बॉलवर जे होते तेवढंच. नो बॉलवर स्टंपिंग होते का?"

चाचांनी टोपी मागे सरकवली. फटाके अजून वाजत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तीस वर्षांत मैदानावर त्यांना कुणी असं विचारलं नसावं.

"तो रन घ्यायले गेला नव्हता," मी म्हटलं, "म्हणून कीपरनं उडवलं ते रनआउटही नाही."

"तुले पक्कं माहीत हाये?"

"पक्कं. याच प्रश्नावर मार्क गेले होते माझे."

त्यांनी डोळे मिटले, एकदा मान हलवली. मग सगळ्यांना दिसेल असा हात हलवून बॅटरला परत बोलावलं आणि कॅप्टनला मोठ्याने म्हणाले, "माही गलती झाली. नॉट आउट. मॅडम बरोबर हाये."

पुढची दहा मिनिटं वाईट गेली. शिव्या ऐकल्या, लिहिण्यासारख्या नाहीत. कॅप्टन म्हणाला, आम्ही खेळत नाही. मी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "नाही खेळलात तर मॅच तुम्ही सोडली असं लिहावं लागेल. फ्री हिट अजून बाकी आहे. तीन धावा, तीन चेंडू." लोक हळूहळू बाहेर गेले. कीपरने बेल्स परत ठेवल्या.

मी पुन्हा हात गोल फिरवला. या वेळी कॅप्टनने सरळ, वेगात टाकला आणि मधला स्टंप उडाला. गर्दी पुन्हा ओरडली. पण चेंडू स्टंपला लागून थर्ड मॅनकडे घरंगळत चालला होता आणि तो जिवंत होता. बॅटर क्षणभर पडलेल्या स्टंपकडेच बघत राहिला. माझ्या बाजूचा अकरा नंबर ओरडला, "पय ना बे! फ्री हिट हाये!" दोघे पळाले. एक धाव, बाय. चिंचोका मी या वेळी हलवला. दोन चेंडू, दोन धावा, आणि समोर आता अकरा नंबर.

पुढचा चेंडू त्याच्या पॅडवर आदळला, मधल्या स्टंपसमोर. अपील झालं. मी मनात एक, दोन मोजलं आणि बोट वर केलं. एका धावेने मॅच त्याच कॅप्टनच्या टीमने जिंकली.

आता दुसरी टीम माझ्यावर चिडली. ज्याला मी मैदानातून परत आणलं होतं, तोच बॅटर म्हणाला, "लेगच्या बाहेर जाऊन राहिला होता तो बॉल." मी बेल्स गोळा करत होते. कॅप्टन हात मिळवायला आला. "तेवढा नियम मले ठाव नव्हता," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

अकोल्याच्या एसटीत चाचा खिडकीशी बसले. बडनेरा मागे पडेपर्यंत बाहेरच पाहत होते. मला वाटलं, दुखावले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मैदानात माफी मागितली असती तर मी नाराज झालो असतो," ते म्हणाले. "दुसरं काय काय बदललं? नव्या पुस्तकात?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. चष्मा घरी राहिला होता त्यांचा, म्हणून मीच वाचू लागले. मूर्तिजापूर येईपर्यंत वाईडचं प्रकरण संपलं होतं, आणि चाचा मला मध्येच अडवून प्रश्न विचारत होते.